दूध आणि गोळ्या

प्रसूती विभागात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या आईचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. निवृत्त झाली तरी तिचा थाट मुख्य परिचारिकेचाच होता. जावई तर तिला विचारल्याशिवाय शिंकतही नाही, अशी घरात थट्टा चाले.

लेकीच्या सिझेरियनच्या सातव्या दिवशी टाक्यांच्या उजव्या कडेला लाली दिसली, हात लावला तर जागा गरम. आईने लगेच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी लालीभोवती पेनाने रेघ ओढली, सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की लाली रेघेबाहेर गेली, पाणी सुटलं किंवा ताप आला तर लगेच यायचं.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, की गोळ्या दुधात उतरतील का. आई ठामपणे म्हणाली, औषध चालू असेपर्यंत पाजायचं नाही, दूध काढून टाकायचं. वॉर्डात ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. मोठ्या मुश्किलीने आलेलं दूध लेकीला तोडायचं नव्हतं. आईच्या नजरेआड ती पाजत राहिली आणि गोळ्या गुपचूप मोरीत टाकत राहिली.

नवव्या दिवशी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती. पट्टी पिवळट, वास मारणाऱ्या पुवाने भिजली होती आणि अंगात ताप फणफणत होता. आईने लगेच रिक्षा बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी जखमेचं तोंड उघडून पू काढला, त्याचा नमुना तपासणीला पाठवला आणि शिरेतून सेफाझोलिन हे त्याच जातीचं प्रतिजैविक सुरू केलं. अहवाल आला की गरज पडल्यास औषध बदलू, म्हणाल्या. मग गोळ्यांचं विचारलं. लेकीने खरं सांगून टाकलं.

"अहो, ही औषधं दुधात नावापुरतीच उतरतात. बाळाला फार तर शी पातळ होईल, तेवढं बघायचं. गोळ्याही घ्यायच्या होत्या, पाजायचंही होतं. पाजायचं नाही असं कुणी सांगितलं?"

"मलाच वाटलं तसं," लेक भिंतीकडे बघत म्हणाली.

लेक तापाने थरथरत होती आणि तरीही आईची अब्रू झाकत होती. आणि वॉर्डातल्या त्या बाया? कितीजणींचं दूध आपल्या एका वाक्याने आटलं असेल? कितीजणींनी गोळ्या अशाच फेकल्या असतील? ती मोजायला लागली आणि मोजता येईना, तेव्हा तिला रडू फुटलं.

"मी सांगितलं," ती कशीबशी म्हणाली. "तिने नाही. मी."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं.

संध्याकाळी बाळ भुकेने रडू लागलं. पोटावरची उघडी जखम सांभाळत लेक कुशीवर वळली आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिने विचारलं, "आई, पाजू ना?"

उत्तर आता आईला माहीत होतं. पण बाळाला लेकीच्या कुशीत ठेवून ती पुटपुटली, "डॉक्टरांना विचार गं. मला नको विचारूस."