स्लॅबच्या कड्या

महागावच्या शाखेसाठी मी सात जागा पाहिल्या आणि प्रत्येक जागेत सगळ्यांत आधी वर पाहिलं. रस्ता, पार्किंग, नळ, लाईटचं मीटर सगळं नंतर. धावजी राठोडांच्या गाळ्यात शिरले तेव्हाही मान वरच होती.

"मॅडम, लोकं दुकान पाहाले येतात तं रोड पाहतात. तुमी स्लॅब काहून पाहून राह्यल्या?"

"गळतो का ते बघते, काका."

गळत नव्हता. मागच्या छोट्या खोलीत मात्र स्लॅबमधून लोखंडाच्या दोन जाड कड्या खाली आल्या होत्या. घर बांधताना झोपाळ्यासाठी सोडतात तशा.

"हे घर म्हणून बांधलं होतं," धावजी म्हणाले. "ऑफिसात कड्या शोभत नाही. उद्या कटरवाला बोलावतो."

"नको!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की धावजींनी हातातली किल्ली खाली टाकली. मग ती उचलता उचलता ते हसले. घरमालकाला गरज ओळखायला वेळ लागत नाही.

"भाडं बारा हजार. डिपॉझिट दहा महिन्यांचं."

झालं. बाकीचे सहाच महिन्यांचं डिपॉझिट मागत होते; ती एक किंकाळी मला अठ्ठेचाळीस हजारांना पडत होती.

खरी गोष्ट अशी की, माती-पाणी तपासणारी आमची कंपनी यवतमाळची, आणि माझं घर महागावात. माझी मैत्रेयी नऊ महिन्यांची. रोज पहाटे तिला सोडून बस धरायची, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या वेळात ती काय गिळतेय, कुठून पडतेय याची चित्रं डोळ्यांपुढे. शेजारच्या मैनाबाई तिला सांभाळायच्या, पण बाटली ती तोंडाला लावत नव्हती. महागावला शाखा निघणार म्हटल्यावर मी हात वर केला. डायरेक्टर म्हणाले, "प्रेरणा, पहिलं वर्ष धावपळीचं. माणूस मोकळा पाहिजे. बाळाचं अडत असेल तर पियुषला पाठवतो." पियुष पंचवीसचा, बिनलग्नाचा, बुलेटवाला. त्याच्यापेक्षा मोकळं माणूस शोधून सापडलं नसतं.

"बाळाचं काही अडत नाही, सर," मी म्हणाले.

आता अडू द्यायचं नव्हतं, एवढंच.

धावजींना मी तीन वर्षांचा करार देऊ केला, दरवर्षी पाच टक्के वाढ, सगळं नोंदणी करून. त्या बदल्यात डिपॉझिट सहाच महिन्यांचं, आणि काम चालू असलेला पहिला महिना भाड्याविना.

"मॅडम, तुमी तं माह्याच खिशात हात घालून राह्यल्या."

"आणि कड्या तशाच ठेवायच्या."

"त्याचे पैसे नाही घेत," ते उदारपणे म्हणाले.

पुढची भिंत म्हणजे घनश्याम सर. आमचे हिशेब प्रमुख. एका पेनाची रिफिल संपली की नवी देताना जुनी मागून घेणारे. पहिल्या वर्षाला बारा लाखांची मर्यादा होती आणि माझ्या कागदावर बारा लाख बारा हजार आले होते.

"डिपॉझिट बहात्तर हजार," ते बोट फिरवत म्हणाले. "हा खर्च नाही, परत येणारा पैसा आहे, वेगळा दाखव. पण अडकतो तो अडकतोच, मर्यादेत धरायचा. फर्निचर पंचाण्णव ठीक. फील्डचा पहिला माणूस चौथ्या महिन्यात, दुसरा आठव्यात. छान. पण ही सफाईवाली पहिल्याच महिन्यापासून काहून? गिऱ्हाईक नाही तर कचरा कोण करणार?"

सफाईवाली म्हणजे मैनाबाई.

"मातीचे नमुने येणार, सर. धूळ."

"पहिल्या दिवशी?"

"कारागीर जाताना धूळ ठेवून जातात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी पटकन पुढचं पान उलटलं. "आणि सर, सजावटीच्या एक लाख पंच्याऐंशीमध्ये बेचाळीस हजारांचं फॉल्स सिलिंग आहे. ते काढून टाकू."

घनश्याम सरांचं कागदावर फिरणारं बोट थांबलं. आजवर कोणी त्यांच्याकडे येऊन स्वतःहून खर्च कापला नव्हता.

"सगळ्या शाखांना आहे ते."

"आपल्याला कशाला? साधा पांढरा रंग देऊ. खर्च अकरा सत्तरवर येतो. तीस हजार अडीअडचणीला राहतात."

फॉल्स सिलिंग आलं असतं तर कड्या त्याच्यावर गेल्या असत्या. हे मी सांगितलं नाही. त्यांनी सही केली, पण चष्म्यावरची नजर काही काढली नाही.

शाखा सुरू झाली. पुढे काउंटर, दोन टेबलं, सहा खुर्च्या, भिंतीवर पिकांचे तक्ते. मागच्या दारावर पाटी: 'रेकॉर्ड रूम, आत येऊ नये'. आत कागदांचा एक रॅक, नमुन्यांच्या पिशव्यांचा एक रॅक, आणि दोन कड्यांना सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पाळणा. पहिल्या दिवशी मी त्यात आधी सिमेंटची अर्धी गोणी ठेवून तासभर झुलवली. मग मैत्रेयीला ठेवलं. मग दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरायला आत.

"मॅडम, तुमच्या बोटानंच उठते पोरगी," मैनाबाई म्हणाल्या.

पहिल्या महिन्याची तपासणी शुक्रवारी होती. घनश्याम सर गुरुवारी आले. टेप घेऊन काउंटर मोजला, खुर्च्या उलट्या करून त्यांवरचे नंबर यादीशी ताडले.

"रॅक दोन. दिसत एकही नाही."

"रेकॉर्ड रूममध्ये आहेत, सर."

"दाखव."

मैनाबाई झाडू आडवा धरून दारात. "साहेब, आत उंदराचं औषध टाकलं. लय उग्र आहे."

"म्हणजे उंदीरही बजेटच्या बाहेरचा?" म्हणत ते आत गेले.

माझ्या डोळ्यांपुढे पियुषची बुलेट उभी राहिली. माझ्याच दारासमोर, माझ्या बोर्डाखाली.

मी मागोमाग गेले तर सर मान वर करून कड्यांकडे बघत होते, मग लुगड्याकडे, मग लुगड्यातून बाहेर आलेल्या एका पायाकडे. बोलले ते कुजबुजत.

"तर हे बेचाळीस हजारांचं गणित."

"सर, काम एक दिवस अडलं नाही. पहिल्या महिन्यात दीडशे नमुने धरले होते, दोनशे दहा आले."

"ते पाहिलं मी. हे लुगडं कुठलं?"

"घरचं."

"बिल?"

"नाही, सर."

"दोरी?"

"सासरची."

"कड्या?"

"धावजींच्या स्लॅबच्या. फुकट."

त्यांनी यादी काढली, दोन रॅकपुढे बरोबरच्या दोन खुणा केल्या आणि पेनाचं टोपण लावलं. "माझ्या रिपोर्टात बिल असलेल्या वस्तू येतात. बिल नाही ती वस्तू मला दिसत नाही. तीस वर्षांत दिसलेली नाही."

बिल नसलेल्या वस्तूनं तेवढ्यात डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. घनश्याम सरांनी यादी बगलेत मारली आणि इतक्या सफाईनं दोरी ओढली की मैनाबाईंच्या हातातला झाडूच खाली आला.

"तीन नातवंडं झोपवली," ते भिंतीकडे पाहून म्हणाले. "हेही रिपोर्टात येत नाही."

पंधरा दिवसांनी मला शाखाप्रमुख म्हणून कायम केल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात मुकुटबनहून पियुषचा फोन. तिथली नवी शाखा त्याला मिळाली होती.

"ताई, जागा घेण्याआधीची नवी यादी आली हेड ऑफिसातून. रस्ता, मीटर, पाणी, सगळं समजलं. पण सातव्या नंबरवर लिवलं, 'फॉल्स सिलिंग नको, मागच्या खोलीत स्लॅबला दोन मजबूत कड्या असाव्यात'. खाली घनश्याम सरांची सही. मले कड्या कायले लागतात?"

मागच्या खोलीत मैनाबाईंची दोरी करकरत होती.

"लटकून पाहा," मी म्हणाले. "तुझं वजन तोललं, तरच डिपॉझिट दे."