मशीनला माती

सरलाबाईंनी आयुष्यात फारसं कुणाचं ऐकलं नव्हतं आणि त्याचा त्यांना पस्तावाही झाला नव्हता. नवरा लूमखात्यात मागावर कामाला लागला तेव्हा सगळे म्हणाले, बायकोने घरी बसावं. त्या बसल्या नाहीत. गुजराती मुलखात, डिंडोलीतल्या एका तीनमजली घराच्या वरच्या मजल्यावर वाल्मिकचा साड्या फिनिशिंगचा कारखाना होता. तिथे त्या अकरा वर्षं इस्त्री करत होत्या. कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा, नाहीतर होती एक लांब खोली, चार टेबलं आणि पर्वत पाटियाच्या बाजारातून येणारे साड्यांचे गठ्ठे.

वाल्मिक त्यांच्याच मुलखातला, शिरपूरकडचा. पोरगा असताना सरलाबाईंच्या घरी भाकरी खाऊन गेलेला. पण आता तो ठेकेदार झाला होता आणि ठेकेदाराला खाल्लेली भाकरी आठवत नाही.

गेल्या आठवड्यात त्याने वाफेची मोठी इस्त्री आणली. जमिनीवर ठेवायची स्टीलची टाकी, टाकीतून निघालेला पाइप आणि पाइपाच्या टोकाला इस्त्री. "इम्पोर्टेड माल आहे, मावशी," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. मशीनचा प्लग आपल्याकडच्या सॉकेटात जाईना. मग वाल्मिकने प्लगच कापला, दोन वायरींची टोकं सोलली आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून सॉकेटात बसवली. तिसरी वायर उरली, हिरवी-पिवळी. तिला चिकटपट्टी गुंडाळून त्याने मागे वळवून टाकलं. वाल्मिकच्या मते ती नुसती शोभेला होती.

त्याच मशीनने काल उज्ज्वलाला झटका दिला.

उज्ज्वला सरलाबाईंच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. तिशीची, दोन लेकरांची आई. टाकीचं झाकण चाचपायला ती वाकली आणि किंचाळली. हातातली इस्त्री सुटली आणि एका भरजरी साडीला तळहाताएवढं भोक पडलं. उज्ज्वला भिंतीला टेकून थरथरत होती आणि वाल्मिक साडीकडे बघत होता. माणसाआधी साडीकडे बघणारा माणूस कसा असतो, ते सरलाबाईंनी त्या दिवशी पुरतं पाहिलं.

"हात ओले होते तुझे," वाल्मिक म्हणाला. "लक्ष नाही कामात. उद्यापासून येऊ नको."

"हात कोरडे होते," सरलाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय समजतं, मावशी? थोडी झणझण होते नव्या मशीनला. उद्यापासून तुम्ही चालवा. रबरी चप्पल घालून या."

आज सकाळी रबरी चप्पल घालून त्या मशीनसमोर उभ्या राहिल्या खऱ्या, पण हात पुढे जाईना. भीती वाटली, असं त्यांनी स्वतःला सरळ सांगून टाकलं. भीती वाटण्यात लाज कसली? लाज तर भीती गिळून मरण्यात आहे.

"मशीनचं पुस्तक दाखव," त्यांनी वाल्मिकला म्हटलं.

वाल्मिक हसला. "पुस्तक चिनी आहे आणि इंग्रजी. तुमची सातवी कामाची नाही तिथे."

पुस्तक सापडलं ते चहाच्या कपांखाली. चार घड्या घातलेला एक मोठा कागद, त्यावर कपांचे गोल डाग. सरलाबाईंनी तो बिनदिक्कत उचलला, पदराखाली घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत दोन गल्ल्या पलीकडे उज्ज्वलाच्या खोलीवर गेल्या. तोवर त्यांनी मशीनला बोटही लावलं नव्हतं.

"काय वं, कशी शे आते?" दारातूनच त्यांनी घरच्या अहिराणीत विचारलं.

"हात अजून जड लागस, मावशी." उज्ज्वलाचे डोळे सुजलेले होते. "मनी चूक नव्हती ना?"

"तेच पाहाले उनू मी. फोन काढ."

उज्ज्वलाच्या फोनमध्ये कागदाचा फोटो काढला की अक्षरांवर मराठी अक्षरं चिकटवणारी सोय होती. लेकरांच्या अभ्यासाला ती वापरायची. पहिला फोटो काढला आणि दोघी बघतच राहिल्या. कागदावर दोन रकाने होते. फोनने ते आडवे वाचले होते. 'टाकीत पाणी लहान मुले भरा. इस्त्री उभी दूर ठेवा.' वर घडीची सुरकुती नेमकी चौथ्या आणि पाचव्या पायरीवरून गेलेली, त्यामुळे आकडे एक, दोन, तीन आणि एकदम सहा.

"लहान मुलं भरायची टाकीत?" दोन दिवसांत उज्ज्वला पहिल्यांदा हसली.

सरलाबाईंनी कागद पोळपाटावर पसरला, लाटणं फिरवून सुरकुती मोडली आणि दारातल्या उजेडात धरला. "एका टायमाले एकच रकाना घे. घाई करू नको."

आता पायऱ्या ओळीत आल्या. पहिली, टाकीत खुणेपर्यंत पाणी भरा. दुसरी, झाकण घट्ट लावा. चौथी, दाब असताना झाकण उघडू नका. ते सगळं ठीक होतं. पण तिसरी पायरी जाड अक्षरात होती, तिच्या बाजूला त्रिकोण आणि त्रिकोणात विजेचा बाण. फोनने तिचं मराठी केलं होतं:

'इशारा. या उपकरणाला माती देणे बंधनकारक आहे.'

उज्ज्वलाने कपाळावर हात मारला. "मशीनला माती? मयताला देतात तशी? हा फोन पागल झाला. थांबा, परत काढते."

परत काढला. या वेळी फोन म्हणाला, 'हे उपकरण पृथ्वीवर असले पाहिजे.'

"मग काय चंद्रावर ठेवलंय?"

खाली वायरींचा तक्ता होता. तपकिरी, जिवंत. निळी, तटस्थ. हिरवी-पिवळी, माती. पुन्हा माती. उज्ज्वला खदाखदा हसत होती, पण सरलाबाई हसायच्या थांबल्या. त्यांचं बोट तक्त्याशेजारच्या छोट्या चित्रावर होतं. चित्राचं भाषांतर फोन करत नाही, ते जसंच्या तसं राहिलं होतं. एक उभी रेघ. तिच्याखाली तीन आडव्या रेघा. पहिली लांब, दुसरी आखूड, तिसरी त्याहून आखूड.

हे चित्र त्यांनी पाहिलं होतं. गावच्या विहिरीवर, मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीवर, एका बोल्टाशेजारी. त्या बोल्टातून तार निघून जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जायची. उन्हाळ्यात बाप पोरींच्या हाती मिठाचं पाणी द्यायचा. "जा वं, मोटरनी माती वली कर," म्हणायचा. "माती सुकनी तं करंट माणूस धुंडस." लहानपणी त्यांना वाटायचं, मोटरीला तहान लागते.

"उज्ज्वला, फोन पागल नही," त्या हळू म्हणाल्या. "हाई अर्थिंग शे. मशीनमधला चुकार करंट जमिनीत जावाले वाट पाहिजे. वाल्मिकने ती वाटच कापी टाकी. मंग करंटने तुनी वाट धरी."

उज्ज्वलाचं हसू विरलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मग तिला रडू फुटलं. पण ते कालच्यासारखं नव्हतं. काल आपलंच चुकलं असं वाटून ती रडली होती.

"ऊठ," सरलाबाई म्हणाल्या. "तोंड धू. चल मनासंगे."

सुट्टी संपून बाया टेबलांवर परतल्या तेव्हा सरलाबाई भिंतीजवळच्या मेन स्विचपाशी उभ्या होत्या. त्यांनी खटका खाली ओढला. पंखे मंदावत थांबले. खालून वाल्मिक धावत आला.

"लाइट कोणी घालवली?"

"मी." त्यांनी कागद पुढे केला आणि शेजारी फोन धरला. "तिसरी पायरी वाच."

वाल्मिकने वाचलं आणि पोट धरून हसला. "मशीनला माती! ऐका हो, मावशीचं मशीन वारलं! फुलं आणू का?"

दोघी-तिघी बायाही हसल्या. सरलाबाईंनी हसू दिलं. मग त्यांनी टाकीमागे हात घालून चिकटपट्टी गुंडाळलेली वायर ओढून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"हाई कोनता रंग शे?"

हिरवी-पिवळी सगळ्यांनाच दिसत होती.

"आते तक्ता पाहा. हिरवी-पिवळी, माती. आणि हाई चित्र पाहा, आणि हेच चित्र मशीनच्या मागे पाहा. शिक्का मारेल शे." त्यांनी टाकी वळवली. पत्र्यावर एका स्क्रूशेजारी तीच उभी रेघ होती आणि तिच्याखाली आखूड होत गेलेल्या तीन रेघा. "कागदले चुकीचं मराठी येत असेल. पत्र्यावरच्या रेघेला कोनती भाषा? तुले चिनी येत नव्हती, ठीक. इंग्रजी येत नव्हती, ठीक. पण हाई कापताना कोनाले इचारं तू?"

"माल अडकलाय, मावशी. संध्याकाळी गाडी येणार. तुम्ही नाही चालवणार तर दुसरी चालवेल."

"कोण?" सरलाबाईंनी खोलीभर नजर फिरवली.

स्नेहा नावाची सगळ्यात नवी पोरगी होती. तिने आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग उज्ज्वलाच्या. आणि टेबलापासून मागे सरली. तिच्यामागे बाकीच्याही सरल्या. वाल्मिक एकेकीकडे बघत राहिला. मघाचं हसू आता कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

"काय पाहिजे तुम्हाला?" तो शेवटी म्हणाला.

"मशीनले माती दे, वाल्मिक," सरलाबाई म्हणाल्या. "नहीते आमले देनी पडी."

माती देणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या मसणवटीत कळलेलं होतं.

वाल्मिकने खुर्ची ओढली आणि बसला. मग फोन काढून उखाला बोलावलं.

उखा वायरमन म्हातारा, पण हाताने पक्का. त्याने सॉकेटातल्या काड्या उपटून वाल्मिकच्या खिशात घातल्या. मग मेन चालू करून चाचणीच्या दिव्याची एक वायर फेजला, म्हणजे जिवंत तारेला, आणि दुसरी सॉकेटाच्या तिसऱ्या, मातीच्या भोकात धरली. दिवा लागला नाही. "घरालाच अर्थिंग नाही," तो म्हणाला. "नुसती वायर जोडून काय उपयोग? आणि अंगाला करंट येतो म्हणजे आतली कॉइलही गळते. ती बदल. वर करंट गळला की लाइन तोडणारा खटका बसव. तोवर या मशीनला हात नाही."

गाडी त्या संध्याकाळी रिकामी गेली. वाल्मिकने साड्या पाठवणाऱ्या सेठला फोनवर काय सांगितलं ते बायांनी कान देऊन ऐकलं. "मशीनमध्ये खराबी आहे," तो म्हणत होता. बाईत खराबी आहे, असं म्हणाला नाही.

घराच्या मागच्या अंगणात खड्डा खणायला दीड दिवस लागला; तोवर कॉइल बदलली, खटकाही बसला. उखाने अर्थिंगचा पाइप उभा केला, त्याला तार जोडली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. वरची माती टाकायची वेळ आली तेव्हा सगळ्या बाया खाली आल्या होत्या. उज्ज्वलाही होती.

उखा फावडं घेऊन पुढे झाला, तशी सरलाबाईंनी त्याला अडवलं.

"पहिली मूठ घरच्या माणसाची असते," त्या वाल्मिकला म्हणाल्या.

वाल्मिकने त्यांच्याकडे पाहिलं. मग उज्ज्वलाकडे. तो वाकला, मूठभर माती उचलली आणि खड्ड्यात टाकली. हात झटकून तो उभा राहिला आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "उज्ज्वलाबेन, उद्या या कामाला."

"येईन," उज्ज्वला म्हणाली. "आधी उखाकाका त्या तिसऱ्या भोकात दिवा लावून दाखवतील. मग येईन."