काट

हैदराबादच्या परीक्षा केंद्रात मी कानाला हेडफोन लावून बसले होते. इंग्रजी लेक्चर एकदाच ऐकवतात आणि प्रश्न नंतर दाखवतात. परदेशातल्या प्रवेशासाठी हा माझा शेवटचा मोका होता.

लातूरच्या क्लासमध्ये आनंदराज सरांनी घोटून घेतलं होतं: टिपणं घेताना शब्दातले स्वर गाळायचे, काही कमी झालं की खाली जाणारा बाण काढायचा, आणि प्रोफेसर एखादं मत खोडून काढायला लागले की त्या टिपणावर ताबडतोब काट मारायची.

सरोवर दुष्काळानं आटलं असं आधी मानत, प्रोफेसर म्हणाले. मी बाण काढून पुढं दुष्काळ लिहिला. मग ते म्हणाले, “पण गाळाचे नमुने वेगळंच सांगतात.”

काट मारायची ती हीच वेळ. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थिजलं. गावी, लोह्याच्या शाळेत बाबाच माझे गुरुजी होते. एक खाडाखोड दिसली की अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. मेली बोटं ते अजून विसरली नव्हती!

प्रोफेसर पुढं सरोवराला मिळणाऱ्या नदीवर आले. मी खाली नीटस अक्षरात ‘नदी वळली’ लिहिलं. प्रश्न आला: प्रोफेसरांच्या मते खरं कारण कोणतं? कागदावर दोन कारणं, दोन्ही सारखीच स्वच्छ. घड्याळ पळत होतं. मी दुष्काळ निवडला. पुढच्या प्रश्नावर गेल्यावर तो ‘पण’ आठवला. मागं फिरता येत नाही.

बाहेर बाबा डबा घेऊन उभे होते.

“लुंबिनी, खाडाखोड तर न्हाई केलीस?”

“न्हाई बाबा. एकबी न्हाई.”

त्यांचा चेहरा खुलला.