कवळीकाकांचं संमतीपत्र

"काका, तुमचे स्वतःचे दात तरी खरे आहेत का हो?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता, मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली होती. कॅमेरा चालू ठेवून हे विचारून दाखव, तरच तू खरी डायरेक्टर. आणि भिंगरीला कुणी नुसतं 'दाखव' म्हणायचा अवकाश! या वर्षी तिला अचानक शोध लागला होता की आपण काहीही करू शकतो. वर्गात उभं राहून बोलू शकतो, अनोळखी माणसाच्या दुकानात शिरू शकतो, तीन पायांचा स्टँड खांद्यावर टाकून रस्त्यानं ऐटीत चालू शकतो. मग कवळ्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारायला काय जातंय?

काका मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवत होते. हातातली छोटी सुरी थांबली. चष्म्यावरून त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"छे हो! फक्त कॅमेऱ्याला."

"त्याचं काय, तो बिचारा मुका." असं म्हणून काका हसले, तोंडाशी रुमाल नेला आणि वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. मग खालची. गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे सरकली, आणि क्षणापूर्वीचा रुबाबदार कारागीर एखाद्या तान्ह्या बाळासारखा दिसायला लागला. "बघ," ते बोबडं म्हणाले, "गिऱ्हाईक नंबर एक."

एकोणीस सेकंद. भिंगरीच्या आयुष्यातला सगळ्यात भारी शॉट.

फिल्म तिनं सुट्टीचे दिवस धरून तीन महिने केली. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे. काका त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात दात रचायचे, मग सगळं साच्यात बंद करून उकळत्या पाण्यात मेण वितळवायचे आणि त्या रिकाम्या जागेत गुलाबी हिरडी भरायचे. भिंगरी सगळं टिपायची. मागून काकू ओरडायच्या, "अगं ए भिंगरे, एका जागी उभी राहा की जरा! त्या प्लास्टरला सुकायला लागतो तेवढा वेळ तरी!"

शाळेतल्या आठ जणांच्या फिल्म क्लबमधून तिची एकटीची फिल्म आंतरशालेय महोत्सवाच्या अंतिम फेरीत गेली. येत्या शनिवारी मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. बाबांनी ऑफिसात सांगून झालं होतं, दोन्ही आत्यांना सांगून झालं होतं, इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं.

आणि मंगळवारी शाळा सुटता सुटता काकांचा फोन आला.

"बाळ, मला त्या फिल्ममध्ये राहायचं नाही."

"म्हणजे? काका, शनिवारी तर..."

"माहिती आहे गं. पण नको. रागावू नकोस."

फोन बंद झाला. आणि भिंगरीला एकदम आठवलं: कागद! काकांनी सही केली होती की! ती धावतच फिल्म क्लबच्या मॅडमकडे गेली.

मॅडमनी फाइलमधून संमतीपत्र काढलं. खाली काकांची ठसठशीत सही, शेजारी भिंगरीची, आणि ती अठराच्या आतली म्हणून आईचीही. "वाच," मॅडम म्हणाल्या.

"कलम पाच," भिंगरीनं घाईघाईनं बोट टेकवलं. "'अंतिम प्रत महोत्सवाकडे पाठवेपर्यंत सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता संमती मागे घेऊ शकते.' पाठवून दहा दिवस झाले मॅडम! म्हणजे आता नाही घेऊ शकत! बरोबर ना?"

"कागदावर बरोबर आहे."

"मग झालं!"

"बाकीचं पण वाच. त्यांच्याकडून सही घेताना मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस ना? तसंच."

भिंगरी वरून वाचायला लागली. कलम एक, फिल्म कशाबद्दल आहे. कलम दोन, कुठे चित्रण होईल. कलम तीन. "'हे चित्रण शाळा व महोत्सव यांखेरीज कुठेही, कुणालाही...'" पुढची ओळ तिनं आधी डोळ्यांनीच वाचली. "'...दाखवलं किंवा पाठवलं जाणार नाही.'"

मॅडमनी फाइल बाजूला ठेवली.

"मॅडम," भिंगरी हळूच म्हणाली, "मी पाठवलं होतं."

पैज जिंकल्याचा पुरावा नको का? त्याच संध्याकाळी तिनं ते एकोणीस सेकंद मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले होते. आणि एकीनं, लांब वेणीवालीनं, त्यातून काकांचा बोळका चेहरा कापून स्टिकर केला होता. वर लिहिलं होतं, 'सोमवारी सकाळी मी'. भिंगरी पोट धरून हसली होती. नुसती हसलीच नव्हती, तिनं तो स्वतः दोनदा वापरलाही होता.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "हे बघ. कागद त्यांच्याआधी आपण मोडलाय. आता कलम पाचच्या मागे नाही लपता येणार. तू जा. त्यांना एकदाच विचार, नेमकं काय काढायचंय. चेहरा, आवाज, एखादा प्रसंग की सगळंच. पर्याय सांग, पण गळ घालू नकोस. रडूही नकोस तिथं, नाहीतर तुझ्यासाठी ते 'हो' म्हणतील. आणि का, ते विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं."

"आणि सगळंच म्हणाले तर?"

"तर सगळंच."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि कॅमेऱ्याची दोन्ही कार्डं दप्तरात घालून काकांच्या कारखान्यात गेली. काका आत होते. बाहेरच्या टेबलावर काकू डॉक्टरांची पाकिटं बांधत होत्या. आज त्या 'ए भिंगरे' म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि तिच्यापुढे धरला.

सोमवारी सकाळी मी.

"नातीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला," काकू म्हणाल्या. "पोरीला कळेना की आजोबाच आहेत. तिनं कधी बघितलंच नव्हतं ना त्यांना असं. हसत हसत त्यांनाच पाठवला, 'आजोबा, हे बघा कोण!' म्हणून." काकूंनी पाकिटाची दोरी करकचून आवळली. "बेचाळीस वर्षांच्या संसारात मीसुद्धा दोनदाच बघितलंय. झोपतानासुद्धा दिवा घालवल्याशिवाय काढत नाहीत."

भिंगरीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण कारखान्याच्या फरशीवर नुसतं प्लास्टर सांडलेलं होतं, ती काही दुभंगली नाही.

आत काका एका कवळीला झिलई देत होते. झिलईची मोटार बंद करून त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बस."

"काका, तो स्टिकर माझ्यामुळे झाला. मीच ती क्लिप पाठवली होती. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, आणि कागदावरही लिहिलं होतं. चुकलं माझं." एका दमात म्हणून झालं. डोळे भरून आले, तसं तिनं ओठ दाताखाली घट्ट धरला.

"हं," काका म्हणाले. आणि त्यांनी कवळीवरची भुकटी फुंकली.

"तुम्हाला नेमकं काय काढायचंय, ते विचारायला आलेय. तेवढाच प्रसंग काढता येईल. किंवा चेहरा न दाखवता नुसते हात ठेवता येतील. किंवा सगळं."

काकांनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. बोटांच्या पेरांत गुलाबी भुकटी होती. "गावातले सगळे दातांचे डॉक्टर हे हात ओळखतात गं. आणि तेवढं काढलंस, तरी तुझ्या पेटीत ते राहणारच ना?"

"हो. मूळ चित्रण राहतं."

"मग सगळं."

भिंगरीनं मान हलवली. आतून कुणीतरी 'पण काका' म्हणून ओरडत होतं, तिनं त्याला बाहेर येऊ दिलं नाही. लॅपटॉप उघडला. "मग तुमच्यासमोरच करते. बघा हं."

आधी कार्डं. मग हार्ड डिस्कवरचे सत्तावीस फोल्डर. मग फक्त आवाजाच्या फायली, कारण चित्र गेलं तरी आवाज वेगळा राहतो. मग संकलनासाठी केलेल्या हलक्या प्रती, आणि सॉफ्टवेअरनं आपोआप बनवून कोपऱ्यात लपवलेल्या. मग फोनमधून आपोआप ऑनलाइन साठलेल्या. प्रत्येक ठिकाणची कचरापेटीही रिकामी केली. शाळेच्या संगणकावरची प्रत तिनं मॅडमना फोन करून तिथल्या तिथे पुसायला लावली. पुसण्याआधी दर वेळी मशीन विचारायचं, नक्की? भिंगरी काकांकडे बघायची. काका मान हलवायचे.

एका फोल्डरमध्ये उकळत्या पाण्याचा शॉट होता. वाफ खिडकीतल्या उन्हात वर चढतेय आणि मागे काका शीळ घालतायत. तिचं बोट अडकलं. काकांना ते दिसलं.

"चांगलं आलंय," ते म्हणाले.

"हो ना?"

"खूप." आणि थोडं थांबून, "पूस."

तिनं पुसलं.

शेवटी तिनं मॅडमच्या सहीच्या पत्रातल्या रिकाम्या जागा भरून ते काकांना दिलं. काय काय पुसलं, कधी पुसलं, महोत्सवाकडून प्रत परत मागवत आहोत आणि त्यांनी ती पुसल्याचं लेखी कळवलं की तेही पाठवू. काकांनी भिंग लावून सगळं वाचलं. "म्हणजे आता कुठंच नाही?"

इथे 'हो' म्हणणं फार सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार होतं?

"नाही काका. माझ्याकडे कुठंच नाही. मैत्रिणींकडून मी समोर बसून पुसून घेतलं. ज्यांना ज्यांना स्टिकर पुढे गेला, त्या नऊ जणींना फोन केले. त्यातल्या सहा जणींनी काढला. पण त्याच्या पुढे कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, ते मला शोधता नाही येणार. ते परत आणता येत नाही."

काकांनी मघाची कवळी उचलून उजेडात धरली, अंगठा फिरवला. "न बसणारी कवळी मी 'बसेल' म्हणून कधी पाठवली नाही," ते म्हणाले. "खोटं नाही बोललीस, बरं केलंस." आणि मोटार सुरू करून कामाला लागले.

ती निघाली, तेव्हा काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "पी. तोंड बघ कसं झालंय." एवढंच.

घरी बाबा शनिवारचा शर्ट हँगरला लावत होते. आई शिलाई मशीनवर भिंगरीच्या नव्या कुर्त्याची बाही जोडत होती.

"आल्या का डायरेक्टरबाई!" बाबा म्हणाले. "धाकट्या आत्याला दोन पास जास्त हवेत गं."

भिंगरीनं दप्तर खाली ठेवलं. "आई, मशीन थांबव ना जरा. बाबा, तुम्हीपण बसा."

मशीन थांबलं. तिनं सगळं सांगितलं. पैज, क्लिप, स्टिकर, कलम तीन. बाबांनी मध्ये दोनदा तोंड उघडलं, आईनं दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं पण," शेवटी बाबा म्हणालेच, "सही केली होती त्यांनी! अंतिम फेरी आहे ही. निदान शनिवारपुरतं विचारून बघायचं होतंस. मी बोलू का त्यांच्याशी? पुरुष माणसं आम्ही, समजतं..."

"नाही बाबा. तुम्ही नाही बोलायचं." आवाज चढला नव्हता, तरी बाबा थांबले. "त्यांना मी पुन्हा विचारणार नाही, आणि तुम्हीही नाही. मी महोत्सवाला पत्र लिहिलंय. कारणाच्या जागी त्यांचं नाव नाही घातलं. 'दिग्दर्शिकेनं संमतीपत्राचा भंग केला' असं लिहिलंय. मी अठराच्या आतली आहे, म्हणून खाली आईची सही लागेल."

आईनं बोटातलं अंगुस्तान काढलं आणि हात पुढे केला. "दे."

बाबा हँगरवरच्या शर्टाकडे बघत राहिले. "मग शनिवारी..."

"शनिवारी मी जाणार आहे," भिंगरी म्हणाली. "माझ्या फिल्मच्या वेळेला पडदा सहा मिनिटं रिकामा असेल. मागच्या रांगेत बसून मी बाकीच्यांच्या फिल्म बघणार, आणि टाळ्या वाजवणार. तुम्हाला यायचं असेल तर तो शर्ट असू दे बाहेर."