नेम

गल्लीच्या तोंडाशी विजेची पेटी होती. तिच्यावर 'येथे कचरा टाकू नये' असं ठळक लिहिलं होतं, त्यामुळे कचरा नेमका कुठे टाकायचा हे नवख्यालाही विचारावं लागत नसे. डबा होता, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला.

हा विषय भिंगने निवडला तो नाइलाजाने. चष्म्यामुळे घरात तिला सगळे भिंग म्हणत, वय पंधरा. फोटोक्लबने मुलांना सांगितलं होतं, आपल्या वस्तीतला एक प्रश्न आठ फोटोंत मांडा. चांगलं काम वाचनालयाच्या दालनात लागेल. भिंगला आधी म्हाताऱ्यांचा एकटेपणा घ्यायचा होता. पण आजोबा म्हणाले, "मला एकटं राहू द्याल तर उपकार होतील." भटक्या कुत्र्यांचा विषय कुत्र्यांनीच उधळला. उरला हा कचऱ्याचा कोपरा.

सात फोटो झाले. गच्चीवरून अख्खी गल्ली, मग जवळून ढीग, फाटक्या पिशवीतून डोकावणारी औषधाची पट्टी, नाक दाबून जाणारी शाळेची पोरं, झाडूवाल्या मावशींचे हात. अडलं ते क्रमाने पाचव्या फोटोपाशी. प्रत्यक्ष टाकणारा माणूस हवा होता आणि कॅमेरा दिसला की गल्ली संतांची होत होती. लोक पिशवी घेऊन यायचे, कॅमेऱ्याची तिवई बघायचे आणि फिरायला निघाल्यासारखे पिशवीसकट पुढे जायचे.

"लपून काढ," शेरा म्हणाला. तो तिचा जोडीदार. फोटोखालच्या ओळी तो लिहायचा आणि न विचारता शेरे मारायचा.

"चेहरा दिसला तर परवानगी लागते. चोरून काढलेल्याला कोण देईल?"

शनिवारी क्लबचा कॅमेरा परत करायचा होता. शुक्रवारी घरात काकूला दया आली.

"एवढंच ना? मी टाकते. आपण काही तिथे टाकत नाही हो, पण तुझं काम अडलंय म्हणून."

भिंगने क्लबच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "मुद्दाम करवून घेतलेलं दृश्य चालेल, पण तसं खाली लिहायचं. फसवाफसवी नको."

काकू ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून आली. मागोमाग गल्लीतला शिंपी आला, निवृत्त मास्तर आले. पोरीच्या शिक्षणाला हातभार लावायला कोण नाही म्हणेल? भिंगने पेटीच्या बुडाशी फोकस बांधून ठेवला. पिशवी हवेत पुसट येऊ नये म्हणून शटरचा वेग वाढवला.

"काकू, पहिल्यांदा चुकेल. दोनचारदा करावं लागेल."

काकू नेहमीच्या चालीने आली. मान समोर, पाय न थांबलेले. हात तेवढा बाजूला झुलला आणि पिशवी उभ्या स्कूटरवरून जाऊन बरोबर फोकसमध्ये पडली. शिंप्याची तिच्याच शेजारी. मास्तर तर मोबाइलवर बोलत होते. ते न थांबवता त्यांनी डाव्या हाताने टाकली.

"मास्तर खेळाडू होते का गं?" शेरा कुजबुजला.

भिंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पुढेमागे करत होती. एकानेही पेटीकडे बघितलेलं नव्हतं.

त्या रात्री शेऱ्याने ओळ लिहिली : 'विनंतीवरून टाकलेला कचरा. पुन्हा टाकावा लागला नाही.'

भिंगने ती काकूला वाचून दाखवली. "खरंच की," काकू खूश झाली. "एका फटक्यात. लाव बिनधास्त."

परवानगी मिळाली. शनिवारी कॅमेरा देताना भिंगने तसं सांगितलं, तर बाईंनी विचारलं, "त्यांना ओळीचा अर्थ कळलाय ना?"

भिंग कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिली. कळला तर काकू नाही म्हणेल, आणि पाचव्या फोटोवाचून उरलेले सात म्हणजे नुसता ढीग. ती वाटभर मनातल्या मनात काकूच्या वतीने हो म्हणत घरी आली. काकू भांडी विसळत होती.

"काकू, त्या ओळीचा अर्थ… म्हणजे तुझा नेम चुकला नाही, कारण…"

"कारण?"

"सवय दिसते."

नळ चालू राहिला. काकूने एकच पातेलं दोनदा विसळलं.

"शिंप्याचाही लावणार?"

"तो हो म्हणाला तर. मास्तरांचाही. तिघांचा मिळून पाचवा."

"ते म्हणतील. त्यांना वाटतंय कौतुक आहे." काकूने नळ बंद केला. "मग माझाच पहिला लाव. कपडे तेवढे माझेच बरे आहेत."

संध्याकाळी काकू पिशवी घेऊन निघाली. भिंग खिडकीत होती. पेटीपाशी काकूचा हात सवयीने झुलला; तिने तो दुसऱ्या हाताने धरला आणि ती गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. डब्यासमोर थांबली, नीट बघितलं, टाकली. पिशवी कडेला आपटून बाहेर पडली.

काकूने इकडेतिकडे बघितलं, वाकून पिशवी उचलली आणि पुन्हा टाकली.