भर लढाईत बंद

सत्यमने कॉम्प्युटर काउंटरवर आदळला. "गेम रंगात आली की बंद पडतोय. तुमी दिलेला पॉवर सप्लायच सडका हाये."

लोणावळ्यातल्या आपल्याच दुकानात हे ऐकून अपेक्षाचं डोकं सणकलं. "ग्राफिक्स कार्ड बाहेरून घेतलंस ना? मग त्या दुकानदाराला विचार."

"आधी चालवून दाखवा."

वीज कमी पडू नये म्हणून तिने कार्डाला सप्लायच्या डब्यातून दोन स्वतंत्र वायरी जोडल्या आणि त्याचीच गेम सुरू केली. पंखे घोंघावले. तापमान बेतात होतं, चित्र स्वच्छ होतं, आणि भर लढाईत मशीन एकदम बंद पडलं. सत्यम कुत्सित हसला.

दात आवळून तिने दुकानातला दुसरा, खात्रीचा सप्लाय लावला. तेच कार्ड, तीच लढाई. तिचा चहा निवून गेला तरी मशीन अडखळलं नाही. कार्ड मधूनच जोरात वीज ओढायचं, तो झटका तिने विकलेल्या सप्लायला झेपत नव्हता.

"सप्लाय बदलून देते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"त्यो तर द्यावाच लागंल. पन पुन्यांदा तुमच्या दारात यायचो न्हाई."

तो गेल्यावरही तिचा राग शमला नाही. तरी काचेच्या कपाटातले त्याच जातीचे बाकीचे सप्लाय तिने निमूटपणे खाली काढले.