पटनचेरूहून शमशाबाद

पंचशीलाचं विमान पहाटे पाच चाळीसला हैदराबादहून सुटणार होतं आणि काउंटर चार चाळीसला बंद होणार होतं. मस्कतच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. तिकीट दवाखान्यानंच पाठवलं होतं, पण एकदाच. व्हिसावर आत शिरायची शेवटची तारीख उद्याची होती. लातूरला अकरा हजारांवर सहा वर्षं रात्रपाळ्या केल्यावर हे दार उघडलं होतं.

तिला सोडायला तिचे वडील निवृत्ती आले होते. चाकूरच्या शाळेत शिपाई म्हणून पस्तीस वर्षं काढून ते तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. उदगीरहून बसनं निघून दोघं संध्याकाळी सातला हैदराबादच्या अलीकडं पटनचेरूला उतरले. निवृत्तींचा भाचा संघपाल तिथल्या औषधाच्या कंपनीत होता. त्याच्या खोलीवर दोन घास खायचे आणि रात्री निघायचं, असं ठरलं होतं.

विमानतळाजवळच्या हॉटेलचा भाव पंचशीलानं आधीच काढला होता. एका रात्रीचे बेचाळीसशे, त्यात त्यांचीच गाडी पहाटे टर्मिनलवर नेऊन सोडणार.

"झोपायचे बेचाळीसशे? त्यात झोप तरी कुठं लागणार हाय तुला?" निवृत्ती म्हणाले होते, आणि तो विषय तिथंच संपला.

जेवताना तिनं दुसरं सुचवलं. "बाबा, मियापूरहून विमानतळाची बस हाय. आत्ता निघू. मी तिथंच बसून राहते रात्रभर."

"आठ घंटे खुर्चीवर? उद्या गेल्या गेल्या ड्यूटीवर उभं राहायचं हाय तुला. जरा पाठ टेक. संघपालनं गाडी सांगितलीय की."

संघपालनं मोबाइलवर दीड वाजताची गाडी आधीच बुक करून ठेवली होती. अकराशे भाडं. निवृत्तींनी चौदाशे रुपये वेगळे काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले होते. पंचशीला आडवी झाली, पण डोळा लागला नाही.

सव्वाला ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर आला. एक पंचवीसला त्याचा फोन आला. कुठं जायचं, पैसे रोख का ऑनलाइन, एवढं त्यानं विचारलं. संघपालनं ऑनलाइन सांगितलं. फोन कट झाला आणि मिनिटभरात बुकिंगही रद्द झालं.

"दुसरी येईल, मामा," संघपाल म्हणाला.

दुसरी दोनला मिळाली. तो ड्रायव्हर वरून आणखी पाचशे मागू लागला. निवृत्ती म्हणाले, "हो म्हण, देतो म्हण." नकाशावर ती गाडी चौकापर्यंत आली, थांबली, आणि उलटी फिरली. मग कितीही वेळा दाबलं तरी जवळपास गाडी नाही, एवढंच येत राहिलं. मेट्रो सकाळी सहाला. मियापूरची बस गाठायची तरी तिथपर्यंत नेणारं कुणी नव्हतं.

"मी मोटरसायकल काढतो," संघपाल म्हणाला.

"बॅग?" पंचशीला म्हणाली. "आणि रिंग रोडवर दुचाकी चढू देत न्हाईत, तूच सांगितलंस."

"गावातून जाऊ."

"गावातून सव्वा-दीड घंटा. रस्ता चुकला तर?"

निवृत्ती भिंतीला टेकून उभे होते. आठ वाजता निघालो असतो तर पोरगी आत्ता काउंटरपाशी असती, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. वाकून बॅग उचलली आणि जिना उतरू लागले.

पावणेतीनला तिघं हायवेवर आले. रिंग रोडला चढायच्या तोंडाशी उभं राहून संघपाल दिसेल त्या गाडीला हात करू लागला. एक टॅक्सी थांबली. साडेतीन हजार, त्यातले अर्धे आत्ताच, म्हणाला. निवृत्तींनी खिशातली सगळी रक्कम पुढं केली. "एवढे हायेत साहेब. बाकीचे भाचा देतो, फोनवरून." संघपालच्या खात्यात बाराशेच होते, म्हणजे तरी नऊशे कमी. महिन्याची अखेर होती. टॅक्सी गेली.

"बाबा, राहू द्या," पंचशीला एकदम म्हणाली. "नशिबातच न्हाई म्हणू."

"गप," निवृत्ती म्हणाले. त्यांनी पुढच्या गाडीला हात केला.

तीन वीसला कोंबडीच्या पिल्लांचे क्रेट भरलेला एक पिकअप थांबला. चालवणारा चाळिशीचा, बिदरकडचा, शिवमूर्ती नावाचा. शेजारी त्याचा मदतनीस पेंगत होता. माल शादनगरला चालला होता, म्हणजे विमानतळाच्या शमशाबादवरूनच.

"एकच माणूस बसतंय बघा," तो म्हणाला. "मागं क्रेट हायेत. मागं माणूस दिसलं की टोलवर अडवतात. माझी पिल्लं मरतात मग."

निवृत्तींनी पोरीकडं बघितलं. एकटी, अनोळखी दोन पुरुष, रात्रीचा रिकामा रस्ता. तिला लातूरच्या रात्रपाळीहून एकटीनं यायला लागू नये म्हणून ते कितीदा पहाटेच्या गाडीनं चाकूरहून गेले होते.

"तू सांग," ते म्हणाले. "मला काय कळंना झालंय."

तिनं कागदांची पिशवी खांद्याला अडकवली. म्हणाली, "जाते. फोन चालू ठेवते. तुम्ही बी कट करू नका."

संघपालनं नंबरप्लेटचा आणि शिवमूर्तीच्या लायसनचा फोटो काढला. शिवमूर्तीनं मुकाट्यानं काढू दिला, आपला फोन नंबरही दिला. बॅग क्रेटांच्या फटीत कोंबली, पंचशीला पुढं बसली आणि गाडी रिंग रोडवर चढली.

निवृत्ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, कानाला फोन. पलीकडून इंजिनाची घरघर आणि पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. मधून मधून ते विचारायचे, "हायेस का?" ती म्हणायची, "हाव." टोल गेला. नरसिंगी गेलं. चार वाजून पाच मिनिटांनी तिचा आवाज बदलला.

"बाबा, शमशाबादला उतरले. ही गाडी टर्मिनलपर्यंत नेता येत न्हाई म्हणतो ड्रायव्हर. इथून अजून लांब हाय."

मग नुसता वारा. निवृत्ती उभे राहिले. फोनमध्ये कुणी बाई तेलुगूत बोलत होती, मग हिंदीत. "ड्यूटी है मेरी, साडेचार को. बैठो. लेकिन बैग नहीं आएगा."

"बाबा, विमानतळावरच्या कामाची बाई हाय, स्कूटीवर. बॅग पिकअपमध्येच राहतेय!"

"राहू दे! तू बस!"

"कागदं माझ्याजवळ हायेत," तिनं सांगितलं, आणि फोन तुटला.

पुन्हा लावला. लागला नाही. चार वीस. चार तीस. संघपालनं चहा आणून दिला, तो हातातच निवला. चार चाळीसला निवृत्तींनी फोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. आता काउंटर बंद झालं असणार. आत असेल तर आत, नाही तर नाही.

चार शेहेचाळीसला घंटी वाजली.

"मिळाला," ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "पास मिळाला. मी शेवटची. ते पट्टा बंद करतच होते. सामान विचारलं, न्हाई म्हटलं, तर हातातच दिला. बाबा, पळावं लागेल आता."

"पळ," निवृत्ती म्हणाले. फोन ठेवल्यावर ते संघपालच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. सांभाळता सांभाळता संघपालचेही डोळे भरून आले.

दुपारी दोनला शिवमूर्ती परतताना, फोनवर ठरल्याप्रमाणं, रिंग रोडच्या त्याच तोंडाशी थांबला. बॅग खाली ठेवली. वर पिल्लांची पिसं चिकटली होती. निवृत्तींनी चौदाशे रुपये पुढं केले. त्यानं त्यातले दोनशे घेतले, डिझेलचे म्हणून.

"पोहोचली का तुमची पोरगी?"

"आत गेली. पुढचं कळायचंय."

संध्याकाळच्या उदगीर बसमध्ये त्यांना मस्कतचा फोन आला. ती पोहोचली होती. दवाखान्याच्या वसतिगृहात एका केरळी मुलीनं तिला घालायला कपडे दिले होते.

"बाबा, ते बेचाळीसशे," ती म्हणाली आणि थांबली.

"हाव," निवृत्ती म्हणाले. "माझंच चुकलं."

"तसं न्हाई म्हणत. पुढच्या वर्षी सुट्टीला येईन तेव्हा रात्रीच उतरणार हाय. तुम्ही न्यायला येऊ नका. मी हॉटेलात राहीन आणि सकाळच्या बसनं येईन."

"येणार," निवृत्ती म्हणाले. "पण मी बी त्याच हॉटेलात थांबीन. काय लागतंय ते लागू दे."